एका लाईनवर दोन ब्रांच

आमच्या खात्यात मी चालक-यंत्रचालक. म्हणजे आगीची गाडी मीच चालवतो आणि जागेवर पोचल्यावर पंपही मीच सांभाळतो. आग मला क्वचितच दिसते. माझ्यासमोर असतो पंपाचा काटा, टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणारी नळी आणि कानाशी वॉकीटॉकी. पुढं काय चाललंय ते पुढचा माणूस सांगेल तेवढंच मला कळतं.

माझा पुढचा माणूस वर्षानुवर्षं एकच होता. आम्ही एकाच भरतीतले. मी करकंबचा, तो कुर्डुवाडीचा. त्याचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. प्रशिक्षणात आमच्या खाटा शेजारी होत्या. पुढं तो तांडेल झाला, म्हणजे ब्रांच धरणाऱ्या फायरमन लोकांचा म्होरक्या, आणि मी पंपावर राहिलो. होजच्या टोकाला जो धातूचा तोंडाचा भाग असतो, ज्यातून पाण्याची धार सुटते, त्याला आम्ही ब्रांच म्हणतो. तो ब्रांचवर आणि मी पंपावर, अशी जोडी ठरूनच गेली होती. साहेब बदलले तरी ड्युटी लावताना आम्हाला कुणी वेगळं केलं नाही.

पंपाचं गणित आम्ही दोघं एकत्रच शिकलो. पंपावर काटा नऊ किलो प्रेशर दाखवतो म्हणजे पलीकडच्या टोकाला नऊ किलो मिळतं, असं नसतं. पाणी होजच्या आतल्या अंगाला घासत जातं आणि त्या घासण्यात जोर खर्च होतो. होज जितके जास्त, तितका खर्च जास्त. वर चढायचं असेल तर उंचीही आपला वाटा घेते. दहा मीटरला, म्हणजे साधारण तीन मजल्यांना, एक किलो. म्हणून यंत्रचालक उलटीकडून मोजत येतो. ब्रांचच्या तोंडाशी किती हवं, होज किती खातील, उंची किती खाईल, या सगळ्याची बेरीज करायची आणि तेवढं पंपावर ठेवायचं. आमच्या वीस मिलिमीटरच्या नोझलला चार किलो मिळालं की धार चांगली सुटते. तेवढं पाणी वाहत असताना तीस मीटरचे दहा होज जवळजवळ चार किलो खातात.

यातली फसवी गोष्ट वेगळीच आहे. त्याच होजमधून दुप्पट पाणी काढायला गेलं तर खर्च दुप्पट होत नाही, चौपट होतो. प्रशिक्षणात हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. त्यानंच एका दुपारी मैदानावर काडीनं मातीत आकडे काढून मला ते समजावलं होतं. मी हे मुद्दाम सांगतोय. त्याला हे माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

ती आग मे महिन्यातली, भर दुपारची. शुक्रवार पेठेच्या बाजूला एका गल्लीत आत, तिसऱ्या मजल्यावर शाळेचे युनिफॉर्म शिवायचा कारखाना होता. शाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस, त्यामुळं कापडाचे तागे आणि शिवलेले गठ्ठे छतापर्यंत रचलेले. माणसं बाहेर पडली होती, एवढं वर्दीतच, म्हणजे आगीची खबर देणाऱ्या फोनवरच, कळलं होतं. गाडीत बसताना पत्ता ऐकून तो म्हणाला,

"आमच्या दाजीचं गोडाऊन त्येच्या शेजारीच हाय की रं."

"व्हय?" मी म्हटलं. "मग फोन करून सांग त्यास्नी."

"केलाय," तो म्हणाला आणि हेल्मेटचा पट्टा आवळायला लागला.

गल्लीत गाडी जाणं शक्यच नव्हतं. दोन्ही बाजूंना मोटारसायकली, वर विजेच्या तारा, मध्येच एक वळण. मी गाडी मोठ्या रस्त्यावर लावली. इमारतीच्या दारापर्यंत आठ होज आणि तिथून जिन्यानं वर दोन, असे दहा होज लागले. त्यानं आणि फायरमननी ते पळत टाकले. साहेब दुसरी गाडी घेऊन मागच्या रस्त्यानं गेले, कारण कारखान्याची मागची खिडकी तिकडून दिसत होती. वर ब्रांच धरून गेलेला फायरमन पद्मशाळी घरातला, आमच्याच वयाचा, फार कमी बोलणारा. तांडेल खाली दारात उभा राहून लाईन सांभाळत होता.

मी मनात बेरीज केली. ब्रांचला चार, होजला चार, उंचीला एक. नऊ किलो. थ्रॉटल हळूहळू वाढवत काटा नवावर आणला. वरून आवाज आला, "धार मस्त. आत चाललो."

काही वेळ सगळं व्यवस्थित चाललं होतं. पालिकेचे टँकर येऊन माझ्या टाकीत पाणी ओतत होते. त्या दिवसांत पेठेत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत असे; रस्त्यावर सांडणारं पाणी बघून बायका हळहळत होत्या. एवढ्यात काटा खाली आला. मी थ्रॉटलला हात लावला नव्हता. नवावरून आठाच्या आसपास. मी थोडी रेस वाढवून परत नवावर आणला. मग नळीकडं बघितलं तर टाकीतलं पाणी मघापेक्षा भराभर उतरत होतं.

आणि वरून ओरडणं आलं. "पाणी पडलं! प्रेशर वाढवा! धार पोचंना!"

अशा वेळी यंत्रचालकाच्या डोक्यात दोनच शक्यता असतात. होज कुठं मुडपला किंवा कुणाच्या चाकाखाली आला, तर पाणी अडतं. मग काटा वर चढतो आणि टाकी सावकाश रिकामी होते. होज फुटला तर पाणी जास्त वाहतं. काटा पडतो आणि टाकी भराभर रिकामी होते. माझ्यासमोर दुसरं दिसत होतं. मी वॉकीटॉकीवर तांडेलला म्हटलं,

"लाईन कुटं फुटलीय बघ. पाणी लई चाललंय."

"लाईन क्लिअर हाय," तो म्हणाला. "तू प्रेशर वाढव."

"अरं काटा पडला माझा. कुटंतरी पाणी जातंय."

"सगळी लाईन डोळ्यासमोर हाय माज्या. गळती न्हाय. पंप बघ तुझा."

त्याच्या आवाजात शंका घ्यायला जागा नव्हती. त्या आवाजावर मी अर्धं आयुष्य काढलं होतं. मग मी माझ्या डोळ्यांवरचा विश्वास सोडला. पंपाच्या जाळीत कचरा अडकला असेल, पंप हवा ओढत असेल, मीटरच बिघडला असेल, असं एकेक मी स्वतःलाच पटवत गेलो. काटा दहावर नेला, मग अकरावर. इंजिन ओरडायला लागलं. त्यातले दोन होज जुने होते, त्याच्या पुढं न्यायला माझा हात धजावेना. वरून तोच आवाज, "धार पोचंना, धार पोचंना." पंप सोडून मला हलता येत नव्हतं. चालू पंप सोडून यंत्रचालकानं जायचं नसतं, पुढं माणूस आत असताना तर नाहीच.

मग वरचा आवाज बंद झाला.

ताग्यांची एक रास पेटून कोसळली होती. धार अंगावर येणारी आग मागं लोटू शकली नाही, आणि तो फायरमन ब्रांच धरून जिन्याकडं सरकेपर्यंत त्याचे दोन्ही हात आणि मान भाजली. त्याला गल्लीतून चालवत आणताना मी बघितलं. हात त्यानं अंगापासून लांब, पुढं धरले होते. माझ्या गाडीजवळून जाताना त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली. तेव्हा मला वाटलं, वेदनेनं फिरवली असेल.

मागच्या बाजूनं साहेबांनी आग आटोक्यात आणली. तिसरा मजला मात्र पार गेला. शेजारचं गोडाऊन सुखरूप राहिलं.

संध्याकाळी साहेबांनी आम्हाला उभं केलं. पाणी का पडलं, हा एकच प्रश्न. तांडेल माझ्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, "खालनं प्रेशर मिळालं न्हाय साहेब."

खाली कोण होतं, हे सांगायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं पंप तपासला. पंप एकदम चोख. जाळी साफ, मीटर बरोबर. पंपात दोष नाही म्हटल्यावर दोष उरला तो पंपावरच्या माणसात. चौकशी होईपर्यंत मला कंट्रोल रूममध्ये फोनवर बसवलं.

फोनवर बसून मी तेच तेच आठवत राहिलो. काटा असा पडला, टाकी अशी उतरली. बायकोनं विचारलं, "अहो, तुमच्याकडनं काही चुकलं का?" मी म्हटलं, "कळंना." खरंच कळत नव्हतं. पाणी कुठंतरी जात होतं आणि ते कुठंच जात नव्हतं.

कंट्रोल रूमच्या मागंच होज वाळत घालायचा टॉवर आहे. कामावरून आलेले होज धुऊन तिथं उभे टांगतात. फोन शांत होता म्हणून मी बाहेर येऊन उभा राहिलो. त्या आगीचे होज अजून टांगलेले होते. सवयीनं मी मोजले. बारा. माझ्या लाईनला दहा लागले होते आणि साहेबांच्या गाडीचे होज त्यांच्या त्यांच्या ठिकाणी गेले होते.

तिथं एक फायरमन कपलिंगला ग्रीस लावत होता. त्या दिवशी तो तांडेलबरोबर होज टाकायला होता. मी विचारलं, "हे जास्तीचे दोन कुटले रं?"

"ते व्हय? गोडाऊनच्या बाजूला टाकलेले की. दुसऱ्या ब्रांचचे."

"कसली दुसरी ब्रांच?"

त्यानं हातातलं काम थांबवलं. "तांडेलनं दारात ब्रीचिंग लावलीती की. सुरवातीला एक बाजू बंद ठेवली आन् मग उगाडली. गोडाऊनच्या भिंतीवर पाणी मारत होतो आमी. तुमाला सांगितलं न्हाय व्हय?"

ब्रीचिंग म्हणजे एका लाईनच्या दोन करणारा जोड. दोन्ही बाजूंना वेगवेगळे कॉक असतात. लाईन टाकतानाच त्यानं ती आठव्या होजपुढं बसवली होती. मी पायरीवर बसलो.

मग मी गणित केलं. दोन्ही ब्रांचना चार-चार किलो द्यायचे तर आठ होजमधून दुप्पट पाणी न्यावं लागणार, म्हणजे तिथला खर्च चौपट. नुसते होजच तेरा किलो खाणार. ब्रांचचे चार आणि उंचीचा एक धरला तर पंपावर अठरा. ते होज त्याच्या खूप आधी फाटले असते. आणि मी नऊ ठेवले होते, म्हणजे वरच्या माणसाच्या हातात दोन किलोही पोचत नव्हते. मी एकेक किलो चढवत होतो तेव्हा त्याच्यापर्यंत पाव किलोही जात नव्हता. जुन्या होजची भीती बाळगत, इंजिनाच्या किंकाळ्या ऐकत मी जे केलं, त्याचा काहीच उपयोग नव्हता. मला एक वाक्य सांगितलं असतं, तर पंपाच्या दुसऱ्या डिलिव्हरीवरून, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या दुसऱ्या तोंडावरून, वेगळी लाईन काढली असती. दोन लाईन, दोन ब्रांच. पंपाला ते जड नव्हतं. गोडाऊनही वाचलं असतं आणि त्या माणसाचे हातही.

मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं दार उघडलं. "या भाऊजी, किती दिवसांनी," म्हणून ती चहा ठेवायला आत गेली. आम्ही गच्चीवर गेलो.

"दुसरी ब्रांच लावलीतीस तू," मी म्हटलं.

तो कठड्याशी गेला. मग म्हणाला, "शेजारची इमारत वाचवायची असतीच की. चूक काय त्यात?"

"काय बी चूक न्हाय. मला का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू बंद करायला लावली असतीस."

"मी दुसरी लाईन दिली असती."

"त्येला वेळ लागला असता. दाजी समोर उभा होता. माजी बहीण रडत होती." तो गच्चीच्या कठड्याकडं तोंड करून बोलत होता. "ते पेटलं असतं तर मला त्या घरात जन्मात पाय ठेवता आला नसता."

"मी विचारलं, पाणी कुटं जातंय. तू म्हणालास लाईन क्लिअर हाय. दोनदा म्हणालास."

"तवा आता कसं सांगणार, असं झालं मर्दा. एकदा न्हाय म्हणालो, मग न्हायच म्हणालो." मग तो माझ्याकडं वळला. "तुझं नाव मी कुटंच घेतलं न्हाय. प्रेशर पडलं, एवढंच बोललो. ते पडलंच होतं की."

खाली त्याची बायको चहाला हाक मारत होती. मी चहा न घेता निघालो. ती दारात कप धरून उभी राहिली.

खरं सांगायचं तर तोपर्यंतही मी गप्प राहिलो असतो. बहिणीपुढं माणूस घाबरतो, हे मला समजत होतं. पण तिथून मी दवाखान्यात गेलो. भाजलेला फायरमन उशीला टेकून बसला होता, दोन्ही हात पट्ट्यांमध्ये. त्याची बायको त्याला चमच्यानं भात भरवत होती. मला बघून तिनं चमचा खाली ठेवला आणि त्याच्याशी तेलुगूत काहीतरी बोलली. तो म्हणाला, "राहू दे. येऊ दे त्यांना."

मी त्याची विचारपूस केली. त्यानं बायकोला भाताचं ताट बाजूला ठेवायला सांगितलं. मग म्हणाला, "एक विचारू? चहा जरा नंतर प्याला असता तर चाललं नसतं का?"

"कसला चहा?"

"तुम्ही पंप सोडून चहाला गेला होता ना. तांडेल म्हणाले. म्हणाले, साहेबांना सांगू नको, त्याच्या पोटावर पाय येईल."

त्या दिवशी त्यानं मान का फिरवली असेल, असं मी मनात विचारत होतो. पण तेव्हा तर त्याला कुणी काही सांगितलेलंही नव्हतं. मान वेदनेनंच फिरवली होती. माझ्याबद्दलचा राग त्याच्यात नंतर घातला गेला होता, इथं, या खाटेशी बसून, माझ्यावरच दया करतोय असं दाखवून. त्या खोट्यात तांडेल माझा रखवालदार झाला होता.

मी त्याला सगळं सांगितलं. ब्रीचिंग, दोन होज, काट्याचं पडणं. त्यानं ऐकून घेतलं. विश्वास बसला की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. त्याची बायको मात्र म्हणाली, "आता कोण खरं बोलतंय, आम्हाला कसं कळणार?" तिचं काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढं उभा राहिलो. साहेब शिकलेले, कामात पक्के. मी बारा होज म्हटल्याबरोबर त्यांनी टेबलावरच्या कागदावर आकडे मांडले आणि माझं बोलणं संपायच्या आत ते अठरावर आले होते. "टाकी भराभर उतरत होती?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग तेच," ते म्हणाले. पण त्यांनी कुणाला बोलावून दम दिला नाही. ते म्हणाले, "मैदानावर करून बघू. सगळ्यांसमोर."

सकाळच्या कवायतीनंतर दहा होज मैदानावर नागमोडी टाकले. आठव्याच्या पुढं ब्रीचिंग, तिच्या दुसऱ्या बाजूला आणखी दोन होज आणि दुसरी ब्रांच. उंची नाही म्हणून पंपावर आठ किलो. मला पंपावर उभं केलं आणि मुख्य ब्रांच तांडेलच्या हातात दिली. पहिल्यांदा एकच बाजू उघडली. धार थेट कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन आपटली. मग साहेबांनी दुसरी बाजू उघडायला लावली. माझा काटा पडला, मी परत आठावर आणला. त्याच्या हातातली धार मात्र वाकली आणि भिंतीच्या खूप अलीकडं मातीत पडायला लागली. सगळी शिफ्ट बघत होती. साहेबांनी माझ्याकडून एक किलो वाढवून घेतला, मग आणखी एक. धार पुढं सरकली म्हणायची एवढंच.

"बस," साहेब म्हणाले. मी पाणी बंद केलं.

त्यानं ब्रांच खाली ठेवली. "मीच उगाडली होती साहेब," तो म्हणाला.

"उघडली त्याचं काही नाही," साहेब म्हणाले. "शेजार वाचवायचाच असतो. लाईन क्लिअर आहे म्हणालास, त्याचं बोल."

तो वाकून ब्रांच होजपासून सोडवायला लागला.

त्याला लेखी समज मिळाली. मला पंपावर परत घेतलं. यापेक्षा जास्त काही घडलं नाही. भाजलेला फायरमन काही महिन्यांनी कामावर आला. त्याची बोटं आता पूर्ण मिटत नाहीत, त्यामुळं त्याला ब्रांच देत नाहीत. तो मला भेटतो तेव्हा नीट बोलतो. तांडेलशीही नीट बोलतो. ते मला सुरुवातीला सहन होत नव्हतं.

मी दुसऱ्या केंद्रावर बदली मागून घेतली. निघायच्या दिवशी तो गाड्यांच्या शेडमध्ये माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता तरी तो काही म्हणेल. चहाचं तरी.

तो म्हणाला, "तुझ्या जागी मी असतो ना, तर तुझ्यासाठी गप बसलो असतो."

त्याला ते खरंच वाटत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याच्या हिशेबात दगा मी दिला होता. घरातली गोष्ट मैदानावर नेली होती. मी त्याला विचारलं, "चहाला गेलतो असं का सांगितलंस?" त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलं आणि म्हणाला, "कायतरी सांगावं लागलंच असतं की." आणि तो गेला.

नव्या केंद्रावरचा तांडेल फार बडबड्या आहे. वॉकीटॉकीवर सतत चालू. ब्रीचिंग लावली, डावी बंद, उजवी उघडतोय, एक होज वाढवला, दुसऱ्या मजल्यावर आलो. पोरं त्याची नक्कल करून हसतात. मी हसत नाही, प्रत्येक वाक्याला "मिळालं" म्हणतो आणि बेरीज बदलतो. काम चोख होतं. पण संध्याकाळी गाडी धुतल्यावर तो शेजारी येऊन बसला की माझ्याकडं बोलायला काही नसतं. मी उठून होज बघायला जातो.